जुन्या घड्याळाला नवा पट्टा: आधी माप, मग चामडं, चेन की रबर

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या बाजारात घड्याळाचा पट्टा बदलायला गेलं की दुकानदार काचेखालचा ट्रे पुढे सरकवतो आणि विचारतो, "कलर कुठला पायजे?" माणूस रंग निवडतो, दुकानदार पट्टा बसवतो, दोन मिनिटांत काम होतं. पुढच्या सहा महिन्यांत तोच पट्टा कडेने फाटतो, मनगटावर पुरळ उठते, नाहीतर पिन निसटून घड्याळ रस्त्यावर पडतं. बहुतेक वेळा यात पट्ट्याच्या प्रतीचा दोष नसतो. रंग शेवटी बघायचा असतो, तो आधी बघितला गेलेला असतो. आधी रुंदीचं माप, मग आपला दिवस कसा जातो ते, मग लांबी आणि शेवटी रंग हा क्रम पाळला तर स्वस्तातला पट्टाही नीट टिकतो.

मी हे एका घड्याळाला धरून सांगतो. माझा मावसभाऊ खानापूरहून रोज मोटारसायकलने उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला येतो. त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या काकांची, हाताने चावी द्यायची एचएमटी त्याच्याकडे आली. एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला, आणि आपल्या भागात नोकरी लागली, लग्न ठरलं की एचएमटी घ्यायची अशी एक पिढीच होऊन गेली. त्यामुळे हे घड्याळ अनेकांच्या कपाटात आहे. मशीन उत्तम, काच थोडी घासलेली आणि पट्टा कुजलेला, अशीच ती बहुतेक सापडतात.

रुंदी डोळ्यांनी ठरवू नका

घड्याळाच्या केसला वर दोन आणि खाली दोन असे चार पाय असतात. त्यांना लग म्हणतात. दोन लगांच्या आतल्या भिंतींमधलं अंतर म्हणजे लगाची रुंदी, आणि पट्ट्याचं माप म्हणजे हेच अंतर. केस किती मोठी, डायल किती मोठी याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. मोठ्या केसला अरुंद लग असू शकतात.

मोजायचं ते लगांच्या आतून, आणि जुना पट्टा काढून. पट्टा जागेवर असताना पट्टी धरली तर एक मिलिमीटर सहज चुकतो. घरात साधी स्टीलची फूटपट्टी असेल तर ती चालते, फक्त शून्याची रेघ एका लगाच्या आतल्या भिंतीला नीट टेकवा आणि डोळा सरळ वर ठेवून वाचा. पण आपल्या बेळगावात उद्यमबाग असल्यामुळे घरात नाहीतर शेजारी व्हर्नियर असणारा माणूस हमखास सापडतो. व्हर्नियरचे आतून मोजायचे वरचे छोटे जबडे लगांमध्ये उघडायचे आणि हलक्या हाताने टेकेपर्यंत न्यायचे. जोर लावला तर जुन्या मऊ प्लेटिंगवर ओरखडा उठतो.

मावसभावाच्या एचएमटीचं माप 17.9 आलं, म्हणजे पट्टा 18 चा. मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या पुरुषी एचएमटींना 18 चाच पट्टा बसला आहे. तरीही मोजल्याशिवाय विकत घेऊ नका, कारण मधल्या काळात कुणी केस बदललेली असू शकते, आणि 17 किंवा 19 अशी विषम मापंही असतात. बाजारात सहज मिळणारी मापं 18, 20 आणि 22. बायकांच्या घड्याळांना 12, 14 किंवा 16 लागतं.

जुन्या पट्ट्याचं माप घेऊन दुकानात जाणं धोक्याचं आहे, आणि या घड्याळाच्या बाबतीत तेच झालं होतं. काकांच्या काळात कुणीतरी त्याला 20 चा पट्टा दाबून बसवला होता. "बसतंय ओ, दाबून बसवतो," हे वाक्य आपल्याकडे पुष्कळ दुकानांत ऐकायला मिळतं. चामडं दबतं, त्यामुळे पट्टा खरंच बसतो. पण मग त्याच्या दोन्ही कडा लगांना घासत राहतात, शिलाई तिथूनच उसवते, आणि पट्टा पिनेभोवती मोकळा फिरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. घड्याळ उलटं हातात धरा आणि पट्टा बोटाने हलवा. तो आपल्या वजनाने खाली लोंबला पाहिजे. ताठ उभा राहिला किंवा कडेला सुरकुती पडलेली दिसली तर पट्टा रुंद आहे. उलट, पट्टा अरुंद असेल तर लग आणि पट्टा यांच्यामध्ये पिनेचा चकाकता तुकडा दिसतो, घड्याळ कडेला सरकतं आणि पिनेच्या टोकावर तिरका भार येतो.

लग 19 चे निघाले आणि तेवढा पट्टा कुठेच मिळाला नाही तर? चामड्यात 20 चा मऊ, आत फोम न भरलेला पट्टा अर्धा अर्धा मिलिमीटर दोन्हीकडून दबून चालतो. स्टीलच्या चेनला ही सवलत नाही. तिथे माप बरोब्बर पाहिजे.

पिना: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू

पट्टा आणि घड्याळ यांना जोडणारी नळीसारखी बारीक पिन आतून स्प्रिंगची असते. तिची दोन टोकं दाबली की आत जातात आणि सोडली की लगांच्या भोकांत बसतात. घड्याळ हातातून पडतं ते बहुतेक वेळा या पिनेमुळे, पट्टा तुटल्यामुळे नाही. घामाने आणि मातीने स्प्रिंग आतून गंजते, टोक अर्धवट बाहेर येतं, आणि एक दिवस धक्का लागल्यावर सुटतं.

म्हणून पट्टा बदलताना पिना बदलायच्याच. दोन पिना काही रुपयांत येतात आणि दुकानदाराने जुन्याच परत घालू नयेत हे आपण स्वतः सांगायचं. पिन घेताना लांबी लगाच्या मापाचीच हवी, आणि टोक लगाच्या भोकात सैल बसता कामा नये. जुन्या घड्याळांची भोकं झिजून मोठी झालेली असतात, तिथे थोडी जाड टोकाची पिन मागा.

घरी करायचं असेल तर टेबलावर जाड कापड पसरा, म्हणजे उडालेली पिन हरवत नाही. लगांच्या आतल्या बाजूला सेलोटेप लावा, हत्यार घसरलं तरी ओरखडा टेपवर येतो. पिन काढायचं दोन दातांचं छोटं हत्यार मिळतं, पण घड्याळजीकडचा किंवा चष्म्याचा बारीक चपटा स्क्रूड्रायव्हरही चालतो. पट्टा आणि लग यांच्या फटीत टोक घालून पिनेची कडा दाबायची आणि पट्टा हळूच बाहेर ओढायचा. नवीन बसवताना पिनेचं एक टोक आधी भोकात टेकवायचं, दुसरं दाबून सरकवायचं, आणि "टक" असा बारीक आवाज ऐकू येईपर्यंत थांबायचं. मग पट्टा धरून दोन्ही बाजूंनी नीट ओढून बघायचं. ही ओढ बिछान्यावर किंवा कापडावरच करा.

काही फार जुन्या घड्याळांत पिन सुटी नसते, लगांनाच कायमची जोडलेली काडी असते. तिथे नेहमीचा पट्टा जातच नाही. वरून घालून खालून काढायचा एकसलग पट्टा लागतो, किंवा चामड्याचं टोक उघडं ठेवून चिकटवणारा कारागीर. बसत नाही म्हणून ती काडी वाकवू नका.

चामडं कुणाला आणि कुठल्या गावात

एकाच बेळगाव जिल्ह्यात चामड्याचं आयुष्य वेगवेगळं असतं, आणि हा मुद्दा पट्टा निवडणारे सहसा विचारात घेत नाहीत. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या घाटाकडच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. तिथे कपाटात ठेवलेल्या चामड्यावर पांढरट बुरशी चढते, मनगटावरचं तर सुकतच नाही. अथणीकडे हवा कोरडी आणि उन्हाळा कडक. तिथे बुरशीचा त्रास कमी, पण मार्च-एप्रिलमध्ये घामाचे मीठ पट्ट्यात मुरतं आणि तो कडक होऊन चिरतो. बेळगाव शहर उंचावर असल्यामुळे उन्हाळ्यात तुलनेने बरं असतं, पण पावसाळा मात्र ओलसरच.

त्यामुळे घाटाकडच्या माणसाने चामडं घ्यावं, पण ऑक्टोबर ते मे एवढ्यासाठी आणि पावसाळ्यात काढून ठेवण्याच्या तयारीने. ज्याला एकच पट्टा वर्षभर घालायचा आहे आणि जो रोज पावसात भिजतो, त्याने चामड्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चामडं तपासताना वरून बघू नका, कडेने बघा. पट्ट्याच्या टोकाला किंवा भोकाच्या आत भिंग लावल्यासारखं निरखून बघितलं की खऱ्या चामड्यात बारीक धागेदार रचना दिसते. नकली मालात वर प्लास्टिकचा पातळ थर आणि खाली कापड किंवा पुठ्ठ्यासारखा भुसा दिसतो. चामड्याचा भुसा गोंदाने दाबून वर छाप उठवलेला मालही "ओरिजिनल लेदर" म्हणूनच विकला जातो. तो वाकवला की वळणावर बारीक पांढऱ्या रेषा पडतात आणि त्या परत जात नाहीत. खऱ्या चामड्यावरची सुरकुती पट्टा सरळ केल्यावर बरीचशी मिटते.

दुसरी गोष्ट जाडीची. जुनी एचएमटी लहान आणि पातळ आहे. तिला 4-5 मिलिमीटर जाडीचा, आत फोम भरलेला फुगीर पट्टा घातला तर घड्याळ मनगटापासून वर उचललं जातं आणि पट्टाच मोठा दिसतो. लगाजवळ साधारण 2 ते 2.5 मिलिमीटर जाडी आणि बक्कलकडे थोडा निमुळता, म्हणजे 18 वरून 16 पर्यंत जाणारा पट्टा तिला शोभतो आणि लगेच मऊही होतो. फुगीर पट्टे मोठ्या, जाड केसच्या घड्याळांसाठी ठेवा.

आपल्याकडे चामडं म्हटलं की अथणीच्या चपलांचा विचार मनात येतोच. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे. ती चप्पल वनस्पतींच्या रसात कमावलेल्या कातड्याची असते, म्हणून ती वापरून काळसर आणि मऊ होत जाते, आणि तिला तेल पाजण्याची सवय घरोघरी आहे. तीच सवय पट्ट्याला लावू नका. बाजारातला पट्टा दोन-तीन थर गोंदाने चिकटवून शिवलेला असतो. तेल गोंदापर्यंत पोहोचलं की आतलं अस्तर सुटून फुगतं, धूळ चिकटते आणि पट्ट्याला वास येऊ लागतो. पट्टा भिजला तर कापडाने टिपा, सपाट ठेवून सावलीत, पंख्याखाली सुकवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेला ओला पट्टा आकसतो आणि मग भोकाजवळ चिरतो. बुरशी आली असेल तर बाहेर मोकळ्या हवेत कोरड्या कापडाने पुसा आणि दोन-तीन दिवस हवेशीर जागी लटकवून ठेवा. आणि एक दिवस वापरला की एक दिवस विश्रांती दिली तर चामडं जास्त टिकतं, कारण आत मुरलेल्या घामाला सुकायला वेळ मिळतो.

चेन: लगाचं माप तेच, अडचण टोकाची

स्टीलची चेन पावसाला घाबरत नाही, घाम धुऊन टाकता येतो आणि ती वर्षानुवर्षं चालते. म्हणून पहिल्या फटक्यात मावसभाऊही चेनच घ्यायला निघाला होता. पण त्या एचएमटीला चेन का नको, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

एक तर वजन. हाताने चावी द्यायचं ते घड्याळ हलकं आहे. जड चेन लावली की सगळं वजन पिनांवर आणि लगांच्या भोकांवर येतं, आणि भोकं मुळातच झिजलेली. दुसरं, चेनची टोकं. चेनच्या शेवटच्या कडीला जर केसच्या गोलाईप्रमाणे वळण दिलेलं असेल तर ती त्याच घड्याळासाठी बनवलेली असावी लागते. दुसऱ्या घड्याळाची वळणदार कडी बसली तरी खुळखुळते, किंवा केसवर घासून रेषा उमटवते. सरळ टोकाची चेन कुठेही बसते, पण घड्याळ आणि चेन यांच्यामध्ये अर्धचंद्रासारखी फट राहते. ते दिसायला चालत असेल तर हरकत नाही. नसेल तर चेनचा नाद सोडा.

चेन घेताना कड्या हातात धरून बघा. घन स्टीलच्या कड्या जड लागतात आणि हलवल्यावर आवाज भरीव येतो. पत्र्याची घडी घालून बनवलेल्या कड्या आतून पोकळ असतात, हलवल्यावर पातळ खुळखुळाट करतात, आणि मनगटावरचे केस त्यांच्या फटीत अडकून उपटले जातात. ज्येष्ठांना आवडणारी स्प्रिंगची ताणली जाणारी चेन घालायला सोपी, पण तिच्यात केस सगळ्यात जास्त अडकतात आणि घाम फटीत सुकून काळा थर बसतो. सांधेदुखीमुळे ज्यांना बक्कल लावता येत नाही त्यांच्यासाठी मात्र तीच योग्य.

ज्या घड्याळाला चेन शोभते तिथे कड्या कमी करणं हेच खरं काम. आमच्या वहिनी खानापूरला शाळेत शिकवतात, त्यांच्या घड्याळाची चेन सैल होती म्हणून ते सारखं मनगटाच्या खाली फिरायचं. आधी चेन घालून लॉक लावायचं, मग सैल भाग लॉकजवळ दोन बोटांनी चिमटीत धरायचा आणि चिमटीत आलेल्या कड्या मोजायच्या. वहिनींच्या चिमटीत साधारण तीन आल्या. काढायच्या मात्र एकाच बाजूने नाहीत, नाहीतर लॉक मनगटाच्या मध्यावर न राहता कडेला सरकतं. दोन्ही बाजूंनी एकेक, आणि उरलेली एक डायलवरच्या 6 च्या बाजूची. लॉक मध्यावर येण्यासाठी तीच बाजू थोडी आखूड असलेली बहुतेकांना सोयीची पडते.

कडीच्या आतल्या बाजूला बाण कोरलेला असेल तर पिन त्याच दिशेने ठोकून बाहेर काढायची, आणि परत घालताना उलट दिशेने. ज्यांना हे कधी केलेलं नाही त्यांनी घड्याळजीकडून करून घ्यावं, पण काढलेल्या कड्या आणि पिना मात्र मागून घ्याव्यात. पुढे हात जाड झाला किंवा घड्याळ दुसऱ्याला दिलं की त्या नसल्या तर सगळी चेनच वाया जाते.

लॉकच्या कडेला तीन-चार बारीक भोकं असतात, तिथे आतली पिन सरकवून चेन दोन-तीन मिलिमीटरने सैल-घट्ट करता येते. कड्या काढताना ही पिन मधल्या भोकात ठेवा. मग उन्हाळ्यात एक भोक सैल, थंडीत एक भोक घट्ट, एवढी जागा दोन्हीकडे उरते. कड्या काढून झाल्या आणि पिन शेवटच्या भोकात गेलेली असेल तर हिशोब एका कडीने चुकला आहे.

रबर: मशीनवर काम करणाऱ्याने नीट ऐकावं

रबराच्या पट्ट्यांना दुकानात सरसकट "रबर" म्हणतात, पण त्यात तीन-चार वेगळ्या जाती आहेत. स्वस्त सिलिकॉन मऊ असतं, आरामदायक असतं, पण कपड्यांचे धागे आणि धूळ ओढून घेतं, आणि पिनेच्या भोकापाशी चिरलं की सरळ तुटतं. तेल लागलं की ते फुगतं. डिजिटल घड्याळांचा काळा रेझिनचा पट्टा कडक पण टिकाऊ, मात्र काही वर्षांत तो आपोआप ठिसूळ होतो, न वापरता पडून राहिला तरी. ठिसूळ झाला की वाकवल्यावर भोकाभोवती बारीक भेगा दिसतात. भेगा दिसल्या की पट्टा बदलायला थांबू नका. आणि यातल्या कित्येक घड्याळांचं टोक त्यांच्याच मॉडेलचं असतं, लगाच्या मापाने बाजारचा पट्टा बसत नाही. तिथे मॉडेलचा नंबर केसच्या मागे असतो, तो सांगून पट्टा मागा.

एफकेएम नावाचं फ्लोरीन असलेलं रबर महाग, पण तेल, कूलंट, घाम यांना सर्वात जास्त दाद न देणारं. उद्यमबागेतल्या माणसाला ते उपयोगी. पण फिरणारी लेथ, ड्रिल, ग्राइंडर यांच्यावर काम करताना मनगटावर घड्याळ नकोच, कुठल्याही पट्ट्याचं नको. फिरत्या भागात पट्टा अडकला तर हात आत ओढला जातो. रबर तर अधिकच वाईट, कारण ते सहजासहजी तुटत नाही. लॉकरमध्ये काढून ठेवा.

रबर हवा खेळू देत नाही, म्हणून घाम पट्ट्याखालीच साचतो. आतल्या बाजूने खाचा असलेला पट्टा निवडा आणि घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा.

रबराबद्दल एक गैरसमज मला फार भेटतो. रबरी पट्टा लावला म्हणून घड्याळ पाण्यात चालतं असं नाही. पट्टा पाणी सोसेल, केस नाही. काकांच्या एचएमटीसारख्या जुन्या घड्याळाच्या मागच्या झाकणाची गॅसकेट केव्हाच कडक झालेली असते. नव्या घड्याळावरही "30 मीटर" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे चालतील एवढाच. पोहायचं असेल तर 100 मीटरचं घ्या.

लांबी: जुन्या पट्ट्याचं वापरलेलं भोक मोजा

पट्ट्याचे दोन तुकडे असतात. बक्कलचा आखूड तुकडा आणि भोकांचा लांब तुकडा. पाकिटावर 75/115 किंवा 80/120 असं लिहिलेलं असतं, ते याच दोन तुकड्यांचे मिलिमीटर. मनगटाचा घेर मोजून त्यावरून हिशेब करता येतो, पण त्याहून अचूक माप जुन्या पट्ट्यावरच पडलेलं असतं. रोज लावलेलं भोक ताणून लांबट झालेलं असतं, आणि तिथे बक्कलची खूण उमटलेली असते. पिनेच्या टोकापासून त्या भोकापर्यंत मोजा, त्यात आखूड तुकड्याची लांबी मिळवा. ही बेरीज म्हणजे आपलं माप. फक्त जुना पट्टा आपलाच असला पाहिजे. आजोबांच्या किंवा वडिलांच्या मनगटाचं माप आपल्याला चालेलच असं नाही, म्हणून मावसभावाने आपल्या दुसऱ्या, जवळपास तेवढ्याच केसच्या घड्याळावरून मोजलं.

त्याचा आखूड तुकडा 75 आणि वापरलेलं भोक 58 वर, एकूण 133. दुकानातल्या पहिल्या पट्ट्याचा आखूड तुकडा 75 होता, आणि लांब तुकड्यावर 46 पासून 82 पर्यंत दर 6 मिलिमीटरला एक अशी सात भोकं. 58 म्हणजे तिसरं भोक, मधल्याच्या जरा अलीकडचं. घट्ट करायला दोन, सैल करायला चार भोकं उरतात. चांगलं बसलं. दुसऱ्या पट्ट्याचा आखूड तुकडा 80 होता. तिथे 133 व्हायला भोक 53 वर लागेल, म्हणजे दुसरं. घट्ट करायला एकच भोक उरतं, बक्कल मनगटाच्या आतल्या मध्यावरून अंगठ्याकडे सरकते, आणि उरलेलं शेपूट लूपच्या बाहेर लोंबतं. रंग दुसऱ्याचा सुंदर होता, मावसभावाचा जीव त्यातच होता, पण त्याने पहिलाच घेतला.

मापण्याची वेळही महत्त्वाची. सकाळी मनगट सडसडीत असतं, संध्याकाळी कामाने आणि उष्म्याने सुजतं, आणि हा फरक एका भोकाएवढा असू शकतो. म्हणून शक्य तर संध्याकाळी पट्टा घ्या, आणि सकाळी घेतला तर एक भोक सैलच लावून बघा. बसलेला पट्टा असा असावा की करंगळीचं टोक त्याखालून थोड्या प्रयत्नाने सरकेल. अंगठा सहज जात असेल तर सैल, काढल्यावर लूपची खूण पंधरा मिनिटं राहत असेल तर घट्ट. घड्याळ मनगटाच्या बाहेरच्या उठावदार हाडाच्या वर, कोपराकडच्या बाजूला बसलं पाहिजे. हाडावरच बसलं तर चावीचं बटण हाताच्या पाठीत टोचतं आणि लोक घड्याळालाच दोष देतात.

खाज आली तर कुठे आली ते बघा

पुरळ फक्त बक्कलखाली, चौकोनी ठशासारखी असेल तर बहुधा निकेलची अ‍ॅलर्जी आहे. स्वस्त बक्कलच्या मुलाम्यातून निकेल घामात उतरतं. अशा वेळी स्टेनलेस बक्कल लावा, पट्टा बदलायची गरज नाही. पट्टा 18 चा आहे म्हणून बक्कल 18 ची मागू नका, ती टोकाकडच्या रुंदीची, म्हणजे बहुधा 16 ची, लागते. पुरळ पट्ट्याखाली सलग असेल तर आधी पट्टा सैल करून आणि कोरडा ठेवून चार दिवस बघा, बहुतेकदा तो घाम किंवा राहिलेला साबण असतो. तरीही कमी झाली नाही तर चामड्याच्या रंगाचा किंवा कमावण्यातल्या क्रोमियमचा त्रास असू शकतो. तो पट्टा सोडा, स्टील किंवा रबर वापरून बघा, आणि पुरळ वाढत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मावसभावाने शेवटी 18 चा, 2 मिलिमीटर जाडीचा साधा तपकिरी चामड्याचा पट्टा घेतला, आणि एचएमटी रोजच्या कामातून काढली. कारण पावसात मोटारसायकलवर आणि शॉपमध्ये ती टिकवायला कुठलाच पट्टा पुरेसा नव्हता, आणि ते घड्याळावर लादण्यात अर्थ नव्हता. कामाला तो रेझिन पट्ट्याचं डिजिटल घड्याळ लावतो, मशीनवर उभं राहण्याआधी ते काढून ठेवतो. एचएमटी लग्नकार्याला, गावच्या जत्रेला आणि रविवारी निघते. जूनमध्ये तिचा पट्टा काढून कागदात सैल गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात जातो, आणि घड्याळाला आठवड्यातून एकदा चावी दिली जाते. नव्या पिना मात्र त्याने दर पट्ट्याबरोबर बदलायच्या ठरवल्या आहेत, आणि पट्टा परत लावताना ओढून बघायला तो विसरत नाही.